वगळलेली बातमी वाचकाला दिसते तरी का?

कथाखोर: हुकूमशाही शहराच्या कथेत रेडिओ बुलेटिन हमखास असतं. माझं मत, नुसतं वगळून प्रचार दाखवता येत नाही. जे लिहिलंच नाही ते वाचकाला कळणार कसं? निवेदिकेच्या तोंडी ढळढळीत खोटं घाला, काम फत्ते. पटत नसेल तर उदाहरण द्या.

उत्तररात्र: घ्या उदाहरण. ‘सातच्या बातम्या. उत्तर विभागाचा पाणीपुरवठा पूर्ववत झाला आहे. चौथ्या पुलाचं लोकार्पण उद्या होईल. नदीकाठच्या शाळांतल्या मुलांना इतर शाळांत सामावून घेण्यात आलं आहे. आकाश निरभ्र राहील.’

यात खोटं एकही वाक्य नाही. पण पाणी आल्याची बातमी आहे, गेल्याची कधी नव्हतीच. मुलं हलवली, पण कशापासून? परिणाम आत येऊ द्यायचा आणि कारण दाराबाहेर ठेवायचं, एवढंच करायचं असतं. परिणाम दडवता येत नाही, कारण तो लोकांच्या घरात पोचलेला असतो. तुमचं ढळढळीत खोटं वाचक दुसऱ्या ओळीला ओळखतो आणि निवेदिका कार्टून होते.

प्रत्यक्षातलंही घ्या. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे झाला. सोव्हिएत टीव्हीवर पहिली बातमी आली २८ च्या रात्री, तीही सकाळी स्वीडनमधल्या अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग सापडल्यावर. चार-पाच वाक्यं: अपघात झाला, एका अणुभट्टीचं नुकसान झालं, उपाय चालू आहेत, बाधितांना मदत दिली जात आहे, सरकारी आयोग नेमला आहे. कधी झाला? किरणोत्सर्ग किती? प्रिप्यात शहर आदल्या दिवशीच रिकामं केलं होतं, त्याचा शब्द नाही. पण साध्या बिघाडावर सरकारी आयोग कोण नेमतं?

खडूस_वाचक: हे सगळं आज तुम्हाला दिसतं, कारण पुढचं ठाऊक आहे. तेव्हा ऐकणाऱ्याला काय कळलं असेल? काही नाही, झोपला असेल. काल्पनिक शहराचा इतिहास तर वाचकाला शून्य माहीत. तुमच्या उदाहरणात नदीला पूर आला की विष मिसळलं, मला तरी कळलं नाही.

उत्तररात्र: काय झालं ते कळायला नकोच आहे, काहीतरी दाबलंय हे कळलं की झालं. बरं, अर्धा मुद्दा मान्य. बुलेटिनच्या आधी एका बाईला रिकाम्या बादल्या घेऊन रांगेत उभी करा, मग रेडिओ लावा. वाचकाच्या हातात एक तरी टोक द्यावंच लागतं.

मधुरा_निवेदन: तुम्ही सगळे शब्दांवर भांडताय, वेळेचं काय? मी काही काळ एका केंद्रावर हंगामी बातम्या वाचायचे. बुलेटिन सुरू व्हायच्या तोंडावर एखादं पान काढून घेतलं जायचं. कारण कोणी सांगत नसे. पण घड्याळ थांबत नाही, म्हणून हाताशी ठेवलेली राखीव बातमी त्या जागी यायची. तीही संपली तर हवामान सावकाश वाचायचं. कान सरावलेला असेल तर ओळखता येतं: आज हवामान फार लांबलं, म्हणजे काहीतरी उचललंय. कथेत हे कोणीच वापरत नाही.

खडूस_वाचक: म्हणजे पान काढलेलं दिसत होतं, तरी तुम्ही वाचत राहिलात? वा!

मधुरा_निवेदन: हो, राहिले. घरचं भाडं तुम्ही भरणार होतात का? आणि बऱ्याचदा ते पान निव्वळ चुकीचं असायचं, म्हणून काढलेलं. प्रत्येक रिकाम्या जागेमागे कट नसतो.

खडूस_वाचक: १९८३ च्या मे महिन्यात रेडिओ मॉस्कोच्या इंग्रजी सेवेत व्लादिमिर दान्चेव्ह नावाच्या निवेदकाने अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैन्याला वाचता वाचता आक्रमक म्हटलं. एकदा नाही, काही दिवस. त्यालाही पगारच मिळत होता.

उत्तररात्र: आणि नंतर त्याला मनोरुग्णालयात धाडलं, तेही सांगा की. शिवाय परदेशी माध्यमांनी उचलून धरेपर्यंत वरच्यांच्या ध्यानात आलं नव्हतं म्हणतात! तपासणाऱ्यांचं लक्ष लेखी मजकुरावर होतं, ऐकत कोणीच नव्हतं. कथाखोर, तुमच्या शहरात कागद तपासणारा एक आणि प्रसारण ऐकणारा दुसरा, असं ठेवा.

मधुरा_निवेदन: खडूसराव, दान्चेव्ह एक झाला. उरलेल्यांनी वाचलं म्हणून सगळे गुन्हेगार?

खडूस_वाचक: गुन्हेगार नाही. पण ‘मला काय माहीत’ हेही नाही.

नवखा_७: मूळ प्रश्न बातम्या कमी आवाजात का ऐकू येतात असा होता ना? आमच्याकडे संगीत मोठं आणि निवेदन बारीक येतं.

खडूस_वाचक: नाही हो. धागा वरून वाचा.

कथाखोर: मी बिचारा एक प्रश्न विचारला आणि इथे खटला उभा राहिला. बरं, रिकाम्या बादल्या घेतो, लांबलेलं हवामानही घेतो. पण एक ढळढळीत खोटं ठेवणार म्हणजे ठेवणार. माझे वाचक तुमच्याइतके जागे नसतात.

उत्तररात्र: ठेवा. मग हवामानातच ठेवा. खिडकीबाहेर धो धो पाऊस, आणि ती म्हणतेय आकाश निरभ्र.