लग्नाला येता येणार नाही, हे कळवतानाच भेटीचे लिहावे का?

रानवाट
माझ्या पूर्वीच्या कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सारे ताई म्हणतो, त्यांच्या मुलीचे लग्न येत्या महिन्याच्या १४ तारखेला आहे. त्यांनी छापील पत्रिकेचा फोटो काढून मला फोनवर पाठवला. आम्ही दोघे ९ ते २१ तारखेपर्यंत प्रवासात असू. मी लिहिलेले उत्तर असे आहे: “ताई, पत्रिका मिळाली, फार आनंद झाला. यायची खूप इच्छा होती. परंतु तिकिटे आधीच काढली आहेत, रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत आणि यांची रजाही मंजूर झाली आहे, त्यामुळे बहुधा जमणार नाही. तरी प्रयत्न करू. लेकीला भेट म्हणून काय हवे ते नक्की कळवा.” हे सौजन्याचे वाटते का, आणि भेटीचा उल्लेख याच उत्तरात असावा का?

सरळरेघ
भेटीचे वाक्य आधी काढून टाका. “येणार नाही” आणि “काय हवे ते सांगा” ही दोन वाक्ये शेजारी आली, की दुसरे पहिल्याची भरपाई वाटू लागते. आमंत्रण उपस्थितीचे आहे, तेव्हा उत्तरही उपस्थितीपुरतेच असावे. भेट द्यायचीच असेल तर प्रवासाहून परतल्यावर गाजावाजा न करता द्या.

जुना लेखनिक
भेटीपेक्षा मला “बहुधा” आणि “प्रयत्न करू” हे शब्द अधिक खटकतात. तुम्ही ९ तारखेला निघून २१ तारखेला परतणार असाल, तर १४ तारखेला येण्याची शक्यता शून्य आहे आणि तुम्हाला ती ठाऊकही आहे. पाहुण्यांचा आकडा धरणाऱ्या माणसाला मात्र या दोन शब्दांमुळे तुमच्या दोन जागा शेवटपर्यंत मोकळ्या ठेवाव्या लागतात किंवा आठवडाभर आधी फोन करून पुन्हा विचारावे लागते. संकोचाने मऊ केलेला नकार समोरच्याचे काम वाढवतो.

दुसरे म्हणजे कारणाची लांबी. आनंद एका वाक्यात आटोपला आहे आणि तिकिटे, पैसे व रजा यांनी पुढचे संपूर्ण वाक्य व्यापले आहे. शिवाय “पैसे परत मिळत नाहीत” याचा न लिहिलेला अर्थ असा होतो, की ते मिळत असते तर तुम्ही आला असता. ताई मनात तो हिशेब करणारच. “त्या काळात आम्ही प्रवासात आहोत” एवढे पुरेसे आहे. ते खरे आहे आणि त्यावर कोणाला प्रतिप्रश्न सुचत नाही.

भेटीबाबत सरळरेघ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. उल्लेख चालेल, पण प्रश्न चालणार नाही. लग्न महिन्यावर आलेल्या आईला “काय हवे ते कळवा” म्हटले, तर ती सौजन्याने “काही नको, तुम्ही आला असता तर बरे झाले असते” असेच लिहील. मग भेट द्यावी तर तिचा शब्द मोडल्यासारखे, न द्यावी तर आपणच काढलेला विषय अर्धवट सोडल्यासारखे. काय देणार हे स्वतः ठरवा आणि एका वाक्यात सुचवा. नको असल्यास त्यांना सहज बाजूला सारता येईल, अशा शब्दांत ते असू द्या.

लिहिण्यापूर्वी एक गोष्ट मात्र करा. तो फोटो पूर्ण मोठा करून चारही कडा पाहा. पत्रिकेचा फोटो काढताना लोक नावे आणि तारीख चौकटीत आली की समाधान मानतात, आणि सर्वांत खालची बारीक अक्षरांतील ओळ कापली जाते किंवा अंगठ्याखाली जाते. उत्तर कोणाला आणि कधीपर्यंत कळवावे, हे बहुधा तिथेच असते.

दोन पाने
मला वाटते मुलीने भेटींची यादी दिलेली असताना एवढा विचार कशाला? यादीतील एखादी वस्तू घ्यावी आणि मोकळे व्हावे. यादी वाईट नसते, तिच्यामुळे एकच वस्तू चार जणांकडून येत नाही.

रानवाट
दोन पाने, यादी कोणीही दिलेली नाही. भेट सुचवायची आहे ती मीच. जुना लेखनिक, आपण म्हणालात तसा फोटो पाहिला. खालची ओळ खरोखरच कापली गेली आहे, अक्षरांची फक्त वरची टोके दिसतात. पाकिटाचाही फोटो आहे आणि त्यावर माझ्या नावापुढे हाताने “सहकुटुंब” लिहिले आहे.

कोरा कागद
मग भेट म्हणून पत्रिकाच द्या! हाच फोटो मोठा छापून, चौकटीत बसवून पाठवा. आठवण राहते, शिवाय त्यांनीच पाठवलेली वस्तू वेगळ्या रूपात परत जाते. माझ्या परिचितांना असे दिले तेव्हा ते फार खूश झाले होते.

जुना लेखनिक
कल्पना चांगली आहे, पण हाच फोटो छापू नका. निरोपांच्या अ‍ॅपमधून साध्या दर्जात पाठवलेला फोटो वाटेत आक्रसतो आणि त्याची लांब बाजू बहुतेक वेळा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. बारीक अक्षरे रेखीव उमटायची असतील तर इंचाला ३०० पिक्सेल धरावे लागतात, म्हणजे ही बाजू सव्वापाच इंचांच्या वर नेली की अक्षरांच्या कडा विरघळू लागतात. त्यात फोटो तिरका असेल तर पत्रिकेची एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद दिसते. चौकटच करायची तर मूळ कागदी पत्रिका मागून घ्यावी आणि तीच बसवावी.

“सहकुटुंब” हा शब्द उत्तराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तुम्ही “मला जमणार नाही” लिहिले, तर घरातील दुसरे कोणी येईल असा अर्थ निघू शकतो, तेव्हा “आम्ही दोघेही” असे स्पष्ट लिहा.

उंबरठा
माझा अनुभव सांगते. मीही प्रवासामुळे एका लग्नाला जाऊ शकले नव्हते, आणि उत्साहाच्या भरात भेट थेट लग्नाच्या ठिकाणी पोहोचेल अशी व्यवस्था केली. ती पोहोचली, पण तेथे कोणी सही करून घेतली हे शेवटपर्यंत कळले नाही. बाहेरचे वेष्टन काढल्यावर माझ्या नावाची चिठ्ठीही त्याच्याबरोबर गेली. चार महिन्यांनी नवरी भेटली तेव्हा तिने आभार मानले नाहीत आणि मला विचारवले नाही. नंतर समजले, की घरी निनावी भेट म्हणून ती वस्तू वेगळी काढून ठेवलेली होती. तेव्हापासून माझे मत झाले आहे, की भेट येणार असल्याचे आधी कळवलेले बरे. सरळरेघ म्हणतात तसे न सांगता देणे ऐकायला छान वाटते, पण घेणाऱ्याला ती कोणाची हे तरी कळायला हवे.

सरळरेघ
उंबरठा, तुमचा दोष सांगण्या-न सांगण्याचा नव्हता, पत्त्याचा होता. घरी पाठवली असती आणि चिठ्ठी वेष्टनाच्या आत ठेवली असती, तर काहीच बिघडले नसते. माझा आक्षेप नकाराच्या पत्रापुरता आहे.

रानवाट
एका जुन्या सहकाऱ्यांना तीच पत्रिका आली होती. त्यांच्याकडील फोटोत खालची ओळ पूर्ण आहे: “कृपया भेटवस्तू आणू नयेत, ही विनंती.” आता काय करावे?

सरळरेघ
आता वादच मिटला. विनंती स्पष्ट आहे. भेटीचा उल्लेखही नको आणि भेटही नको.

दोन पाने
मला तसे वाटत नाही. “आणू नयेत” हे येणाऱ्यांना उद्देशून आहे. लग्नात वस्तूंचा ढीग सांभाळायला कोणी मोकळे नसते, म्हणून लोक तसे छापतात. जो येणारच नाही, त्याला ही ओळ कशी लागू होईल?

जुना लेखनिक
दोन पाने, ही शब्दांची पळवाट झाली. ओळ लिहिणाऱ्याच्या मनात येणारे आणि न येणारे असा भेद नसतो. कोणाकडूनही घेऊन ओझे वाटू नये, हाही त्यामागे हेतू असू शकतो आणि तो अनुपस्थितांनाही तितकाच लागू पडतो. पण त्यातून भेट कायमची निषिद्ध ठरते, असेही मी म्हणणार नाही. वस्तू न पाठवता लग्नानंतर उपयोगी पडेल अशी एखादी गोष्ट सुचवता येते, आणि स्वीकारायची की नाही ते त्यांच्यावर सोडता येते. लग्नाच्या फोटोंचा छापील अल्बम मला अशा वेळी योग्य वाटतो. तो लग्नाआधी देताच येत नाही, त्यामुळे लग्नघरात त्याची अडगळ होत नाही. निवड त्यांची, छपाईचे काम तुमचे. फोटो मूळ फाइलच्या रूपात मागा, नाहीतर पत्रिकेसारखीच गत होईल.

माझा मसुदा असा:

“आदरणीय ताई, लेकीच्या लग्नाची पत्रिका पाहून आम्हा दोघांनाही मनापासून आनंद झाला आणि आपण आठवणीने बोलावलेत याचे समाधान वाटले. ९ ते २१ तारखेपर्यंत आम्ही दोघेही प्रवासात असल्यामुळे १४ तारखेला उपस्थित राहू शकणार नाही, याचे फार वाईट वाटते. वधूवरांना आमच्या अनेक शुभेच्छा. भेटवस्तूंविषयीची आपली विनंती लक्षात आहे, म्हणून काहीही पाठवत नाही. लग्नानंतर सवडीने दोघांनी आवडते फोटो निवडून दिले, तर त्यांचा एक छापील अल्बम करून देण्याची माझी इच्छा आहे. त्याचे उत्तर आत्ता देण्याची मुळीच गरज नाही. परतल्यावर दोघांना भेटायला नक्की येऊ.”

हे त्यांना एकट्यांनाच पाठवा. फोटो अनेकांच्या गटात आला असेल, तर तिथे केवळ अभिनंदन करा. एकाने नकार लिहिला, की त्याखाली नकारांची रांग लागते आणि ती वाचायला घरचे लोकच असतात.

कोरा कागद
मसुदा सुरेख आहे, पण अल्बम हेही एक कामच नाही का? हजारभर फोटोंतून साठ निवडणे नवविवाहितांना सहा महिने जमत नाही. माझ्या भावाचा अल्बम अजून निवडीतच अडकला आहे.

सरळरेघ
नेमके हेच. “काहीही पाठवत नाही” म्हणून पुढच्याच वाक्यात अल्बम येतो. विनंती पाळली असे मला तरी वाटत नाही. मी शुभेच्छांपाशी थांबून थेट “परतल्यावर भेटायला येऊ” या वाक्यावर आलो असतो.

रानवाट
मसुद्यातील पहिली तीन वाक्ये आणि शेवटचे वाक्य आज सकाळी ताईंना पाठवले. अल्बमचा मजकूर तूर्त राखून ठेवला आहे, कारण कोरा कागद यांची शंका मलाही पटली. पन्नास फोटो मीच निवडून त्यांना दाखवावेत का, असा विचार मनात आहे, परंतु दुसऱ्याच्या लग्नातील क्षण आपण निवडणे कितपत योग्य, हे अजून ठरत नाही. ताईंचे उत्तर आले: “कळवलेस ते बरे केलेस, आज आकडा द्यायचाच होता. परत आलात की या.”

उंबरठा
निवडू नका. लग्नात नसलेल्या माणसाला कोणती आत्या कोणत्या काकांशी बोलत नाही, हे फोटोवरून कळत नाही.