ब्लड अगारच्या प्लेटचा फोटो बघून ‘बीटा’ लिहायचं का?

तापीकाठ (चोपडा), मंगळवार

सात वर्षांच्या मुलाचा घशाचा स्वॅब आहे. ताप रविवारपासून. काल दुपारी प्लेट लावली, आज सकाळी नऊला काढली आणि मोबाइलवर फोटो काढून आमचे रिपोर्ट बघणाऱ्या सरांना पाठवला. बारीक करड्या कॉलनी, भोवती मोकळी वर्तुळं. सर म्हणाले, बीटा आहे, ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस लिहून टाक. माझ्यासोबतची सीनियर म्हणते, जंतूने रक्तपेशी किती फोडल्या ते, म्हणजे हिमोलिसिस, फोटोवरून सांगायचंच नसतं. तिकडे बालरोगतज्ज्ञांचे दोन फोन येऊन गेले. फोटो इथे टाकलाय. लिहू की नको?

पिवळा पळस

लिहा. मी स्वतः तालुक्याच्या चार लॅबचे फोटो रोज सकाळी बघतो. प्रत्येक ठिकाणी मायक्रोबायोलॉजिस्ट बसवायला कुणाला परवडतं? तुमच्या फोटोत कॉलनी टाचणीच्या टोकाएवढी आहे आणि वर्तुळ तिच्या तिप्पट. घशातून लहान कॉलनी आणि मोठं वर्तुळ आलं की ग्रुप ए. ग्रुप बी असता तर कॉलनी मोठी, मऊ आणि वर्तुळ अरुंद दिसलं असतं. एवढं कळायला प्लेट हातात लागत नाही.

जुनी स्लाइड (धुळे)

पळस, कॉलनी आणि वर्तुळाच्या मापाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण आधी ते वर्तुळ खरोखर मोकळं आहे का?

ताई, फोटो मी मोठा करून बघितला. प्लेट काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवली आहे, झाकण लावलेलंच आहे, झाकणाला आतून वाफ धरली आहे आणि वर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी दिसते. अशा फोटोत प्रकाश वरून पडून वरच्या वरच परत येतो. अगारमधून आरपार काही जातच नाही. मग जिथे रक्तपेशी अर्ध्या शिल्लक आहेत तिथेही खालचा काळा रंग डोकावतो आणि ‘मोकळं’ वाटतं. हिरवट छटा तर मोबाइल स्वतःच पुसून टाकतो, कारण तो रंग आपल्या हिशेबाने सारखे करत बसतो. अल्फाचा, म्हणजे अर्धवट हिमोलिसिसचा, बीटा म्हणजे पूर्ण व्हायला एवढं पुरतं.

असं करा. प्लेट पूर्वेच्या खिडकीशी न्या, झाकण काढा, हातात उभी धरा आणि पाठीमागून उजेड येऊ द्या. मग छापील मजकुराचा एखादा कागद प्लेटमागे धरा. खऱ्या बीटाच्या वर्तुळातून अक्षर वाचता येतं. अल्फातून ते धुरकट, शेवाळी दिसतं. तरीही शंका राहिली तर प्लेट मायक्रोस्कोपच्या स्टेजवर ठेवून दहाच्या ऑब्जेक्टिव्हने वर्तुळ बघा. पेशी उरल्या असतील तर त्या दिसतातच, तिथे वाद संपतो. नाक मात्र प्लेटजवळ नेऊ नका. आमच्या पिढीत वास घेऊन जंतू ओळखायची खोड होती, ती आमच्याबरोबर जाऊ द्या.

आणि एक सांगा, प्लेटमध्ये रक्त कुणाचं आहे?

तापीकाठ

सर, रक्तपेढीची मुदत संपलेली पिशवी. इथे सगळे तेच वापरतात. ओटा काळाच आहे, तुम्ही अचूक ओळखलं.

केळीचा घड (रावेर)

रक्ताचं विचारताय का? मी जनावरांच्या दवाखान्यात आहे. मस्टायटिसच्या दुधासाठी प्लेटा आम्ही मेंढीच्या रक्ताच्याच करतो. साक्रीकडचे ठेलारी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरतात, त्यांच्या ओळखीने मिळतं. मानेच्या शिरेतून काढायचं, काचेचे मणी घातलेल्या निर्जंतुक फ्लास्कमध्ये दहा मिनिटं हळूहळू फिरवायचं, फायब्रिन मण्यांना चिकटून येतं. दुधात स्ट्रेप ॲगॅलॅक्टिए असला की स्टॅफच्या रेघेशेजारी बाणाच्या टोकासारखा मोकळा भाग दिसतो, तेव्हा बघायला मजा येते. तुमच्या म्हशीला कासेची सूज कधीपासून आहे?

तापीकाठ

दादा, म्हैस नाही हो, मुलगा आहे!

खानदेशी फोडणी

काय भो, आठे कसाले वाद? सारंगखेड्याची जत्रा जवळ आलीच आहे, घोड्याचं रक्त घ्या, मेंढीच्या मागे कशाला धावता?

जुनी स्लाइड

चेष्टेत बोललात, पण मुद्दा खरा आहे. घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तावर घशातला हिमोफिलस हिमोलिटिकस छान वाढतो आणि अशीच बारीक कॉलनी, असंच मोकळं वर्तुळ देतो. डोळ्यांना स्ट्रेपच वाटतो. मेंढीच्या रक्तावर तो वाढत नाही. घशाच्या स्वॅबला मेंढीचं रक्त वापरतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता तुमच्या पिशवीबद्दल. त्यात सायट्रेट आहे आणि डेक्स्ट्रोजही आहे. साखर मिळाली की जंतू आम्ल करतात आणि बीटा दिसायचा तिथे हिरवट दिसू शकतं. ब्लड अगारच्या बेसमध्ये ग्लुकोज घालत नाहीत ते याचसाठी. त्यात मुदत संपलेल्या पेशी आधीच फुटत असतात, त्यामुळे सगळी प्लेट गडद होऊन वर्तुळाची कड विरघळते. शिवाय माणसाचं रक्त म्हटलं की ते हाताळणाऱ्यालाच कावीळ-एचआयव्हीचा धोका. तुमच्या प्लेटचा रंग मला चेरीसारखा लाल दिसत नाही, तपकिरीकडे झुकलाय. अगार गरम असतानाच रक्त ओतलं का?

तापीकाठ

बाटली गालाला लावून बघते सर, चटका बसला नाही की ओतते.

जुनी स्लाइड

गालाला तीन बाटल्या तीन तऱ्हांनी लागतात. वॉटरबाथमध्ये 45 ते 50 अंशांवर येऊ द्या, मगच 5 टक्के रक्त घाला. गरम अगारमध्ये पेशी ओततानाच फुटतात, मग जंतूने काय फोडलं ते कळणार कसं?

पिवळा पळस

सर, हे सगळं मेडिकल कॉलेजात ठीक आहे. तालुक्याला पेशंट दुसऱ्या दिवशी येत नाही. मजुरी बुडवून बाप पोराला घेऊन आलाय. मी ‘बीटा’ लिहिलं आणि ते अल्फा निघालं, तर पोराने आठवडाभर पेनिसिलिनच्या जातीचं औषध घेतलं, एवढंच. ‘अल्फा’ लिहून ग्रुप ए सुटला तर हृदयाची झडप जाते. मी चुकलो तर पहिल्या बाजूला चुकेन.

जुनी स्लाइड

झडपेची काळजी मलाही आहे, धुळ्यात अशी मुलं मी पाहिली आहेत. पण ताप आल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संधिवाताचा ताप टळतो. हा मुलगा आज तिसऱ्या दिवसावर आहे. एका दिवसाने त्याची झडप जात नाही. डॉक्टरांना आत्ताच औषध द्यावंसं वाटलं तर त्यांनी मुलाकडे बघून द्यावं, तो त्यांचा अधिकार. प्लेटच्या नावावर आपण खोटी खात्री का द्यायची?

तापीकाठ, मंगळवार संध्याकाळ

खिडकीत धरून बघितलं. मागे लग्नपत्रिका धरली, दुसरं काही हाताशी नव्हतं. पहिल्या दोन रेघांत ज्यांना आम्ही मोकळी वर्तुळं म्हणत होतो, त्यातून ‘चि. सौ. कां.’ वाचताच येत नव्हतं. मळकट हिरवं. दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली तिथे पेशी भरपूर दिसल्या. म्हणजे सर, फोटोतला बीटा अल्फाच होता.

पण चौथ्या रेघेच्या टोकाला, जिथे कॉलनी सुट्या आहेत, तिथे तीन कॉलनी वेगळ्या दिसल्या. आणखी लहान, काचेसारख्या. त्यांच्याभोवतीही स्वच्छ मोकळं नाही, पण हिरवटही नाही. हे काय असेल? फोटोत त्या दिसतच नाहीत, ट्यूबलाइटची पट्टी नेमकी त्यांच्यावरच आलीय.

डॉक्टरांना ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच सांगितलं. ते म्हणाले, दोन दिवस बघू.

जुनी स्लाइड

पहिल्या रेघांतले ते बहुतेक घशातले नेहमीचे रहिवासी. त्या तीन कॉलनी सोडू नका. एक हिरवीवाली आणि एक काचेवाली उचलून मेंढीच्या रक्तावर वेगवेगळी लावा. रेघ ओढली की लूपने अगारमध्ये दोन-तीन तिरके चीर द्या. स्ट्रेप्टोलायसिन ओ हे त्याचं पेशी फोडणारं विष हवेत निकामी होतं. चिरेच्या आत हवा कमी, तिथे ते काम करतं. पृष्ठभागावर नुसतं धूसर वाटणारं पुष्कळदा चिरेभोवती साफ मोकळं होतं. रावेरकर, रक्त मिळेल का?

केळीचा घड

माणसाचं पोर आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार! कालच काढलंय. बर्फाच्या थर्मासमध्ये उद्या सकाळच्या यष्टीने पाठवतो. कंडक्टर ओळखीचा आहे. थर्मास माझ्या घरचा आहे, परत पाहिजे.

तापीकाठ, गुरुवार

काल संध्याकाळी प्लेटा ओतल्या, यावेळी थर्मामीटर लावून. एक रिकामीच इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती, तिच्यावर सकाळी काही उगवलं नाही, म्हणजे रक्त स्वच्छ होतं. लग्नपत्रिका पुन्हा कामी आली. हिरवीवाली हिरवीच राहिली. काचेवालीभोवती एवढं साफ की त्यातून मुहूर्ताची वेळ वाचली. चिरांभोवती तर आणखी रुंद. ग्रॅममध्ये जांभळ्या गोल साखळ्या. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी औषध सुरू केलं.

पिवळा पळस

म्हणजे मंगळवारी सकाळी मी सांगितलं तेच झालं ना? बीटा. दोन दिवस, एक थर्मास आणि एक लग्नपत्रिका खर्ची पडली.

जुनी स्लाइड

तुम्ही ज्या कॉलनीकडे बोट दाखवलं ती अल्फा होती. जी बीटा होती ती तुम्हाला दिसलीच नव्हती. उत्तर जुळलं, गणित चुकलं.

पिवळा पळस

पेशंटला उत्तराशी मतलब असतो, सर. तरी खिडकीपाशी धरलेल्या प्लेटचा फोटो पाठवायला माझ्या लॅबवाल्यांना आजच सांगितलं. फोटो बघणं मी सोडणार नाही.

जुनी स्लाइड

सोडू नका. रेघा नीट ओढल्यात का, किती प्रकारच्या कॉलनी आहेत, प्लेटवर दुसरं काही उगवलंय का, हे फोटोत उत्तम कळतं. हिमोलिसिसचं मात्र ज्याच्या हातात प्लेट आहे त्यानेच सांगावं.

तापीकाठ, शुक्रवार

बॅसिट्रासिनची 0.04 युनिटची डिस्क शुद्ध वाढीवर ठेवली होती, भोवती गोल मोकळा आलाय. आता ‘ग्रुप ए’ लिहू?

जुनी स्लाइड

ग्रुप सी आणि जीचेही काही स्ट्रेन या डिस्कला दाद देतात. ग्रुप ओळखायचं लेटेक्स किट नसेल तर ‘बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस, बॅसिट्रासिन सेन्सिटिव्ह, संभाव्य ग्रुप ए’ लिहा.

पिवळा पळस

‘संभाव्य’ शब्द बघून डॉक्टर पुन्हा फोन करतील, लिहून ठेवा.

तापीकाठ

आलाच. विचारत होते, संभाव्य म्हणजे किती. मी म्हटलं, पत्रिकेतला मुहूर्त वाचता येतो इतका.

केळीचा घड

ताई, थर्मास?