उत्तर: पगारपत्रक आणि बँक खात्याच्या उताऱ्याचे भाषांतर

«पगारपत्रकावरची रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम जुळत नाही. भाषांतरात ती दुरुस्त करून घ्यावी का?»

नाही, भाषांतरकाराने एकही आकडा बदलता कामा नये. व्हिसा अधिकारी निव्वळ वेतनाचा आकडा घेऊन उताऱ्यातील जमेच्या नोंदींत तोच शोधतो, त्यामुळे फरक लपवण्यापेक्षा त्याचे कारण वाचता येणे महत्त्वाचे असते. समजा, मार्चच्या पत्रकावर एकूण वेतन 85,000, कपात 9,400 आणि निव्वळ वेतन 75,600 आहे, पण 1 एप्रिलला खात्यात 70,600 जमा झाले आहेत. उरलेले 5,000 बहुधा आगाऊ रकमेच्या वसुलीचे असतात आणि ती ओळ पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. घाईत नेमकी तीच ओळ भाषांतरातून गळते, म्हणून ती आवर्जून तपासावी. पत्रकावर ती नसेलच, तर मालकाकडून खुलाशाचे पत्र घ्यावे. भाषांतरकाराने स्वतःचे स्पष्टीकरण घालू नये.

उताऱ्यातील व्यवहाराच्या तपशिलात मालकाचे नाव संक्षिप्त असेल, तर ते तसेच ठेवून पूर्ण रूप चौकटी कंसात भाषांतरकाराची टीप म्हणून द्यावे. चलन मूळचेच राहू द्यावे, शिक्के आणि स्वाक्षऱ्यांचाही उल्लेख करावा. ब्रिटनसाठी अर्ज असेल, तर भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, स्वाक्षरी आणि संपर्काचा तपशील लागतो. स्वतःच्या कागदांचे भाषांतर मात्र स्वतः करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.