उत्तर: 'नीडफुल' बदलून भागत नाही

>> ऑफिसच्या मेलमध्ये 'डू द नीडफुल'च्या जागी 'प्लीज टेक नेसेसरी ॲक्शन' लिहिलं की झालं ना?

नाही हो, काम काय आणि ते कोणी करायचं हे अजूनही वाचणाऱ्यानेच ओळखायचं. आमच्याकडे एका सप्लायरच्या बिलावर आमचा जीएसटी नंबर चुकीचा पडला होता. ते बिल अकाउंट्स, पर्चेस आणि स्टोअर्स अशा तिघांना एकाच मेलवर गेलं, खाली 'प्लीज फाइंड अटॅच्ड, काइंडली डू द नीडफुल'. तिघांनाही वाटलं उरलेले दोघं बघतील. सप्लायरचा पैशांसाठी फोन आला तेव्हा कळलं की मेल सगळ्यांनी वाचलाय आणि हललं कोणीच नाही. मग पर्चेसवाल्या एकट्याला 'टू'मध्ये घेतलं, बाकी दोघं 'सीसी'त, आणि लिहिलं: 'द जीएसटी नंबर ऑन धिस इन्व्हॉइस इज राँग. कॅन यू प्लीज गेट अ करेक्टेड वन फ्रॉम द सप्लायर बाय थर्स्डे?' शिष्टाचाराला 'कॅन यू प्लीज' पुरतं, वर आणखी 'काइंडली' नको.

खरी अडचण साहेबांना लिहिताना येते. त्यांना काम सांगायचं कसं, म्हणून तर आपण 'नीडफुल'च्या आड लपतो (ही सरकारी इंग्रजी आपल्याला इंग्रजांच्या काळापासूनच चिकटलेली). तिथे त्यांच्याकडून फक्त निर्णय मागायचा आणि पुढचं काम स्वतःकडे घ्यायचं: 'इफ यू अप्रूव्ह, आय विल रिलीज द पेमेंट टुडे.' मोबाईलवर वाचूनही त्यांना एका शब्दात उत्तर देता येतं.