सल्ला हवा : २४ दिवसांच्या पिल्लांना रक्ती हगवण, शेजारची करडंही पातळ

तुरेवाली
१५० पिल्लं आहेत, वय २४ दिवस. काल सकाळी तुसाच्या गादीवर लाल ठिपके दिसले, संध्याकाळपर्यंत तीन मेली. बाकीची पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसतात. पाण्याच्या भांड्याभोवतीची गादी ओली आहे. जाळीपलीकडे दोन महिन्यांची दोन करडं आहेत, त्यांनाही दोन दिवसांपासून पातळ होतंय. सगळी गादी बदलायला ना पैसे आहेत ना माणसं, तेव्हा कमी खर्चातलं सांगा.

जाळीवाला
जमिनीवर पिल्लं वाढवायचीच कशाला? मी सगळा शेड उचलून जाळीवर घेतला. विष्ठा खाली पडते, कटकट मिटली.

तुरेवाली
दादा, खर्चाचं लिहिलंय वर.

सोनपिसारा
घाबरू नका हो. माझ्याकडेही चॉकलेटी, चिकट विष्ठा दिसली होती, मी रक्त समजून रात्रभर जागलो. ती नेहमीचीच निघाली.

जुना_शेड
सोनपिसारा, तुमचं अर्धं बरोबर. चॉकलेटी चिकट विष्ठा निरोगी कोंबडीही अधूनमधून टाकते. पण इथे लाल ठिपके आहेत, पंख पडलेत, एका दिवसात तीन गेलीत. तुरेवाली, नुकतं मेलेलं एक पिल्लू हातमोजे घालून उघडा. आतड्याच्या शेवटाला दोन लांब पिशव्या असतात. त्या रक्ताने टम्म फुगल्या असतील तर ही कॉक्सिडिओसिसच, शंका उरत नाही. मेलेली सगळी खोल पुरा.

एक_मूठ_दाणे
एन्रोफ्लॉक्सासिन द्या. माझ्याकडे चार दिवसांत थांबलं.

जुना_शेड
कॉक्सिडिओसिस जिवाणूमुळे होत नाही, आतड्याच्या पेशीत वाढणाऱ्या परजीवीमुळे होते. एन्रोने तो मरत नाही. तुमची पिल्लं बहुतेक आपोआप सावरली, हल्ला हलका असला की सावरतात.

एक_मूठ_दाणे
माझ्या डोळ्यांदेखत थांबलं, पण असो. तज्ज्ञ तुम्ही.

तुरेवाली
उघडलं. दोन्ही पिशव्यांत काळपट लाल रक्त, गुठळ्यांसकट. आता?

जुना_शेड
अँप्रोलियमची २० टक्क्यांची पूड मिळते. तीव्र हगवणीत लिटरला १.२ ग्रॅम, म्हणजे १० लिटरला १२ ग्रॅम, पाच दिवस. चमच्याने नाही, काट्यावर तोला. तुमच्या पाकिटावरची टक्केवारी वेगळी असेल तर हिशोब बदलेल. मग अर्धं प्रमाण आठवडाभर. औषध पाण्यातूनच, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं. दुसरं साधं पाणी ठेवायचं नाही आणि पाणी रोज ताजं करायचं. पशुवैद्यांनाही विचारा.

तुरेवाली
अशक्तपणासाठी त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स टाकते आहे कालपासून.

जुना_शेड
बंद करा! अँप्रोलियम बी-१ सारखं दिसून परजीवीला फसवतं. तुम्ही खरं बी-१ वाढलंत तर तो फसेल कशाला? जीवनसत्त्वं कोर्स संपल्यावर.

चुनखडी
गादीवर चुना मारा आणि फिनाइल शिंपडा. मी दर रविवारी करतो.

फावडं
फिनाइलने याची अंडी मरत नाहीत, उलट गादी आणखी ओली होते. विष्ठेतली अंडी ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. म्हणून ओल तोडायची. मूठभर गादी दाबा. गोळा तसाच राहिला तर ओली, मूठ उघडताच भुगा झाला तर ठीक. भांड्याभोवतीचे ओले पापुद्रे फावड्याने काढून बाहेर टाका, तिथे कोरडा तूस घाला. भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा, सांडणं कमी होईल. सगळी गादी बदलायची गरज नाही.

चुनखडी
पण चुना?

फावडं
विझवलेला, अगदी पातळ, तोही गादी ढवळून मिसळलेला. कळीचा चुना पिल्लांच्या पायांना आणि डोळ्यांना भाजतो. मी तरी वापरत नाही.

लेंडीपुराण
सगळे पिल्लांचंच बोलताय. कोंबडीचा हा परजीवी शेळीला लागत नाही आणि शेळीचा कोंबडीला, त्यामुळे जाळीला दोष नको. पण करडांचा स्वतःचा असतो. दूध तोडल्याच्या सुमाराला उसळतो, शेपटी-मांड्या बरबटतात, रक्त दिसेलच असं नाही. जंतांनीही हेच होतं, म्हणून लेंडी तपासून घ्या. पिल्लांचं औषधपाणी करडांना अजिबात नको. त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि अँप्रोलियम जास्त झालं तर बी-१ कमी पडून करडू चक्कर खाऊ लागतं.

लसवंत
म्हणूनच मी पहिल्या दिवशी लस देतो. पिल्लं हसतखेळत.

जुना_शेड
आणि खाद्य औषधी देता की साधं? लसीवर या परजीवीला रोखणारं कॉक्सिडिओस्टॅट घातलेलं खाद्य दिलं तर लसीची मेहनत वाया.

लसवंत
पिशवीवर काय लिहिलंय ते बघायला हवं.

तुरेवाली
चौथा दिवस. आणखी दोन गेली, कालपासून नवं रक्त नाही, पिल्लं खाद्याकडे यायला लागली. ओली गादी काढली. भांडं मात्र उंच केलं नाही, त्यात दहा-बारा बुटकी आहेत, त्यांना पोहोचत नाही. त्याऐवजी खाली जाळीची चौकट ठेवली आहे, पाणी तिच्यातून खाली पडतं. करडांच्या लेंडीचा निकाल परवा. दूध मात्र मी पुन्हा सुरू केलं.

फावडं
चौकटीखालची ओल रोज काढाल का?

तुरेवाली
आज काढली. उद्याचं उद्या.