आकारिक मूल्यमापन: आकार कोण देतं, कशाला?

मुद्रितशोधक
शिक्षकांसाठीच्या एका पुस्तिकेची मुद्रितं तपासतेय. पानापानावर ‘आकारिक मूल्यमापन’ आणि ‘संकलित मूल्यमापन’ हे शब्द आहेत. फॉर्मेटिव्ह आणि समेटिव्ह यांना हेच प्रतिशब्द शाळांमध्ये रुळलेत, तेवढं मला ठाऊक आहे. पण आपल्याकडे ‘आकारिक तर्कशास्त्र’ही आहे, आणि तिथे आकारिक म्हणजे फॉर्मल. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ जवळजवळ उलटे आहेत. नवीन शिक्षकाने ‘आकारिक चाचणी’ वाचलं तर त्याला रीतसर, औपचारिक चाचणी असंच वाटेल ना? शब्द बदलावा का?

शनिवारपेठी
यात गोंधळ कसला? आकारिक म्हणजे आकार देणारं. वर्षभरातल्या छोट्या चाचण्या, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय हे आकारिक. सत्राच्या शेवटी मोठी लेखी परीक्षा होते ती संकलित. लहान आणि मोठी, एवढाच फरक.

मुळशीच्या बाई
शनिवारपेठी, तुमची यादी बरोबर आहे, पण फरक लहानमोठेपणाचा नाही. मी एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यातला एक प्रसंग सांगते.

पाचवीचा वर्ग, पट 34. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाली आणि दुसऱ्या दिवशी पाच गणितं दिली. पहिलं होतं 1/2 + 1/3. अकरा मुलांनी उत्तर लिहिलं 2/5, म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवला. आणखी सहा जणांनी छेद 6 बरोबर काढला, पण अंश तसेच ठेवले आणि 2/6 लिहिलं. दोन्हीकडे शून्यच गुण पडतात, पण चुका वेगळ्या आहेत. पहिल्या अकरांना अपूर्णांक ही एक संख्या वाटतच नाही, वर-खाली लिहिलेले दोन आकडे वाटतात. सहा जणांना लसावि येतो, पण छेद बदलला की तुकडे लहान होतात आणि म्हणून जास्त तुकडे मोजावे लागतात, हे सुटलंय.

मी त्या दिवशी गुण दिलेच नाहीत. अकरा वह्यांत एकच ओळ लिहिली: “अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी मिळवली, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?” सहा वह्यांत लिहिलं: “अर्धी भाकरी सहाच्या तुकड्यांत मोजली तर किती तुकडे?” वह्या दुसऱ्या सकाळी परत केल्या, आधी कागदाच्या पट्ट्या दुमडायला लावल्या आणि तीच गणितं पुन्हा करून घेतली. अकरांपैकी आठ जणांचं जमलं. उरलेल्या तिघांना जेवणाच्या सुट्टीत घेऊन बसले, तेव्हा कळलं की एकाला 2/5 हे अर्ध्यापेक्षा कमी आहे हेच दिसत नव्हतं. त्याला माझी ओळ वाचून काय उपयोग?

हीच पाच गणितं सत्रपरीक्षेत विचारली असती, तर पेपर तीन आठवड्यांनी हाती पडले असते, तोवर वर्ग दशांश अपूर्णांकांवर गेला असता. प्रश्न तेच, मुलं तीच, तरी ते मूल्यमापन संकलित झालं असतं. चाचणीच्या अंगावर आकारिक असं काही लिहिलेलं नसतं. तिच्या निकालाने उद्याचा तास बदलला, तर ती आकारिक.

सिंहगड रोडचा बाबा
बाई, मग माझा प्रश्न सोडवा. मुलगी चौथीत आहे. प्रगतिपुस्तकात गणिताला आकारिकचे 60 पैकी 57 आणि संकलितचे 40 पैकी 18. खरं काय समजायचं? शिकवणी लावावी का?

मुळशीच्या बाई
शिकवणीचं नंतर बघू. आधी तिची वही उघडा. वर्षभरात कुठे चूक दाखवली आहे का, आणि त्याखाली तिने ते पुन्हा करून पाहिलंय का? नुसत्या बरोबरच्या खुणा आणि ‘छान’ असेल, तर ते 57 सत्र संपताना तक्ता भरायचा म्हणून भरलेले असू शकतात. असं होतं, मी पाहिलंय. पट मोठा, नोंदी प्रत्येक विषयाच्या, आणि सगळ्या शेवटच्या आठवड्यात.

सिंहगड रोडचा बाबा
वही पाहिली. ‘छान’ तेवीस वेळा आहे.

बीएडवाला
शब्दाच्या मुळाबद्दल थोडं. ही जोडी मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 साली मांडली, आणि तीही मुलांसाठी नव्हे, अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनासाठी. अभ्यासक्रम अजून घडत असताना तो सुधारायला केलेली तपासणी एक, आणि तयार झाल्यावर त्याचा निवाडा करणारी दुसरी. पुढे बेंजामिन ब्लूम यांनी ती विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावली. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि हे शब्द प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी बसले. त्यात आकारिकलाही गुणांचा भारांश मिळाला: तिसरी-चौथीला 60, आणि वरच्या इयत्तांत तो कमी होत जातो. माझ्या मते शब्दाचा अर्थ तिथेच सरकला. ज्याचे गुण अंतिम बेरजेत जातात, ते आकार देण्यापेक्षा साठवण्याचं काम जास्त करतं.

काही जुन्या बीएडच्या पुस्तकांत संकलितऐवजी ‘साकारिक’ आहे. आकारिक-साकारिक परीक्षेत उलटसुलट लिहिणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो, तेव्हा तो शब्द गेला तर बरंच.

मुद्रितशोधक
बाईंनी वहीत जी ओळ लिहिली, तिला पुस्तिकेत ‘प्रत्याभरण’ म्हटलंय. मी ‘अभिप्राय’ करू का? की ‘शेरा’?

मुळशीच्या बाई
‘शेरा’ नको. शेरा लिहिला की काम संपतं: ‘अक्षर सुधारा’, ‘अभ्यास वाढवा’. मुलाने उद्या नेमकं काय करायचं, ते त्यात नसतं. अभिप्रायही मत झालं. प्रत्याभरण बोजड आहे खरं, पण त्यात ‘परत’ आहे. मुलाच्या कामातून निघालेलं त्याच्याच कामात परत जातं. मी तो शब्द ठेवीन.

बीएडवाला
इथे रूथ बटलर यांचा इस्रायलमधला 1988 चा प्रयोग आठवतो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त कामाबद्दलची टिपणी, काहींना दोन्ही. फक्त टिपणी मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांचं मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखंच राहिलं. आकडा दिसला की टिपणी वाचायची गरज वाटत नाही.

शनिवारपेठी
माझं लहानमोठ्याचं म्हणणं मागे घेतो. पण एक शंका आहे. मी तबला शिकवतो. बोल चुकला की लगेच थांबवलं, तर शिष्य माझ्या तोंडाकडे बघत वाजवायला लागतो. आवर्तन पुरं होऊ दिलं तर निम्म्या वेळा त्यालाच कळतं. मग ‘वेळेवर’ म्हणजे ‘ताबडतोब’ कसं?

मुळशीच्या बाई
ताबडतोब नाहीच. मूल अजून झगडत असताना उत्तर सांगितलं तर त्याचं गणित आपणच सोडवलं. पण ते प्रकरण वर्गात चालू आहे आणि पुन्हा करून पाहायला वेळ आहे, तोवर पोचायला हवं. तुमच्याकडे आवर्तन, माझ्याकडे दुसरी सकाळ. आणि एक गोष्ट राहिली: त्या आठांची महिन्याने पुन्हा तपासणी केली. 2/3 + 1/4 हे एकापेक्षा जास्त की कमी, असं विचारलं. दोघे परत अंशात अंश, छेदात छेद मिळवून 3/7 वर गेले होते.

बीएडवाला
आणि प्रत्याभरण दिलं की फायदाच, असंही नाही. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 साली बरेच अभ्यास एकत्र तपासले, त्यांत सुमारे एक तृतीयांश ठिकाणी काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून स्वतःवर वळलं की असं होण्याचा संभव वाढतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. ‘तू हुशार आहेस’ हेसुद्धा त्यातच येतं.

मुद्रितशोधक
मग प्रत्याभरण ठेवते. ‘आकारिक’चा घोळ मात्र आहेच. ‘घडणकालीन मूल्यमापन’ कसं वाटतं?

शनिवारपेठी
घडणकालीन आवडला.

बीएडवाला
मला नाही. शासनाच्या तक्त्यात आकारिक, पुस्तिकेत घडणकालीन, शिक्षक दोन वेगळ्या गोष्टी समजेल. शिवाय ‘कालीन’ने पुन्हा वेळापत्रकच डोळ्यांपुढे येतं.

सिंहगड रोडचा बाबा
आज मुलीला बाईंचं भाकरीचं गणित घातलं. 2/5 म्हणाली. पट्टी दुमडायला दिली आहे, अजून दुमडतेय.