अनुभव धागा: नोकरी सोडल्यावर काही महिन्यांनी जुन्या साहेबांचे आभार मानलेत का?

मी अंधेरीच्या एका निर्यात कंपनीत सहा वर्षं कागदपत्रांच्या टेबलावर होते. मार्चमध्ये सोडली, भांडण नाही, तंटा नाही. निरोपाच्या दिवशी केक कापला, सरांना 'थँक्यू सर' म्हटलं आणि निघाले. मात्र खरं जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

२०१९ मध्ये माझ्या हातून एक चूक झाली होती. एलसीत, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीपत्रात, माल चढवण्याचं बंदर 'न्हावा शेवा' होतं आणि मी तपासलेल्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे शिपिंग लाइनच्या मालाच्या पावतीवर, 'जेएनपीटी' छापून आलं. बंदर तेच, पण बँक कागद बघते, बंदर नाही. एलसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यावे लागतात, आणि आमचे १८ दिवस उलटले होते. सर रात्री साडेनऊपर्यंत माझ्याबरोबर थांबले, शिपिंग लाइनच्या मागे लागून बिल दुरुस्त करून घेतलं, आणि मालकांना 'आपल्याकडून चूक झाली' एवढंच सांगितलं. माझं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टीलची फूटपट्टी दिली. एलसीच्या एकेका ओळीखाली ती धरायची, ओळ मोठ्यानं वाचायची, मगच पट्टी खाली सरकवायची.

नोव्हेंबरमध्ये नव्या ऑफिसात पट्टी लावून वाचताना एलसीत 'टेरी कॉटन टॉवेल्स' आणि आमच्या इनव्हॉइसवर नुसतं 'कॉटन टॉवेल्स' दिसलं. इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळावंच लागतं. कागद बँकेत जायच्या आधी बदलले. घरी येताना गाडीत सरांना मेसेज लिहायला घेतला. पहिला खर्डा होता: 'सर, तुमच्या मार्गदर्शनाखाली खूप शिकायला मिळालं.' वाचून पाहिला, तर तो कुणीही कुणालाही पाठवला असता. घाटकोपर येईपर्यंत तो पुसला आणि हे लिहिलं:

'सर, नमस्कार. आज एका एलसीत वर्णनातली चूक पट्टीमुळे सापडली. २०१९ मध्ये तुम्ही माझ्यासाठी रात्री थांबलात आणि मालकांसमोर माझं नाव घेतलं नाहीत. तेव्हा मी नीट बोलले नाही, म्हणून आज सांगते. मनापासून आभार. उत्तराची घाई नाही. घरी सगळ्यांना नमस्कार.'

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: 'पट्टी तीच आहे का अजून?'

तीच आहे. तुमचे अनुभव सांगा, न पाठवलेल्या मेसेजचेसुद्धा.

मुलुंडकर: एक वर्ष होईपर्यंत जुन्या साहेबांशी संपर्क ठेवायचा नाही, असं माझ्या करारात आहे. माझ्या माहितीप्रमाणे सगळ्याच कंपन्यांत असतं. त्यामुळे मी थांबलोय.

एचआरमध्ये १७ वर्षं: मुलुंडकर, करार पुन्हा नीट वाचा. बहुतेक ठिकाणी अट असते ती जुन्या कंपनीचे ग्राहक किंवा माणसं फोडायची नाहीत अशी. ती पाळाच. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला मनाई करणारं कलम तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकतही नाही. 'आभारी आहे' म्हणण्यात यातलं काहीच मोडत नाही.

वेळेबद्दल मात्र सांगते. फुल अँड फायनल हातात आलं, रिलीव्हिंग लेटर मिळालं, नव्या कंपनीची पडताळणी झाली, मग लिहा. पडताळणीचा फोन पुष्कळदा जुन्या साहेबांनाच जातो. त्याच आठवड्यात गोड मेसेज आला, तर 'चांगलं बोला माझ्याबद्दल' असा त्याचा अर्थ निघतो. आणि कंपनीच्या मेलवर पाठवू नका. ते बदलून गेले असतील तर तो मेल त्यांच्या जागी आलेला माणूस वाचतो. व्हॉट्सअॅप बरं, आणि तेही दिवाळी-पाडव्याला नको, कारण शुभेच्छांच्या गर्दीत बुडून जातं. एखादा साधा मंगळवार बघा.

वसईची: माझी चूक लिहिते. मी आभार लिंक्डइनवर सगळ्यांसमोर मानले, साहेबांना टॅग करून. त्यात लिहिलं की दर शुक्रवारी ते मला चार वाजता सोडायचे, म्हणून माझा सीएचा क्लास झाला. ती सवलत त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिली होती, वर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या वरिष्ठांनी पोस्ट वाचली आणि विचारणा झाली. टीममधल्या दोघांनी 'मग आम्हाला का नाही' म्हणून विचारलं. सरांनी मला फोन करून शांतपणे पोस्ट काढायला सांगितली. मी लगेच काढली, पण दोन दिवस जेवण गेलं नाही. ज्यानं नियम वाकवून आपलं भलं केलं, त्याचे आभार त्याच्या एकट्याच्याच फोनवर जायला हवेत.

परळवाला: माझ्या जुन्या साहेबांनी तीन महिने फुल अँड फायनल अडवून ठेवलंय. त्यांनाही आभाराचा मेसेज पाठवायचा का? म्हणजे काम होईल?

एचआरमध्ये १७ वर्षं: नाही हो. थकलेल्या पैशासाठी एचआरला वेगळा मेल करा. सोडल्याची तारीख, किती रजा शिल्लक होती, काय काय परत केलं ते सगळं त्यात लिहा. आभारात मागणी मिसळली की दोन्ही वाया जातात. धाग्याचा विषय चांगल्या संबंधात सोडलेल्यांचा आहे, तुमचं प्रकरण निराळं आहे.

गिरगावातला: माझे साहेब निवृत्त होऊन ठाकुरद्वारला राहतात, मेसेज वगैरे बघत नाहीत. मी आंतरदेशीय पत्र टाकलं. आठ महिन्यांनी गणपतीत दर्शनाला गेलो, तर ते पत्र देवघरातल्या पोथीत ठेवलेलं. काकूंनी काढून दाखवलं. त्यावर साहेब काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

ठाणे-सीएसएमटी: मी मोठा मेसेज पाठवला, चौदा ओळींचा. चार वर्षांतलं सगळं. उत्तरात फक्त अंगठा. सहा महिने झाले, अजून लागतं ते. आता वाटतं, चौदा ओळींना माणूस उत्तर काय देणार? मूळ पोस्टमधल्या सरांना पट्टीबद्दल विचारता आलं, माझ्या साहेबांना धरायला काहीच नव्हतं. की त्यांना मी तेवढा जवळचा नव्हतोच? कळत नाही.

वसईची: ठाणे-सीएसएमटी, काही माणसं अंगठा देऊन मेसेज मात्र जपून ठेवतात. माझे वडील तसे आहेत.

ठाणे-सीएसएमटी: असेल. पुन्हा लिहावं का, एकाच प्रसंगाबद्दल? की आता तो पाठपुरावा वाटेल?

मूळ लेखिका: मला वाटतं, थोडं थांबा. त्यांनी शिकवलेलं काही कामात खरंच उपयोगी पडलं की त्या दिवशी दोन ओळी पाठवा. मला आठ महिने लागले ते त्यासाठीच.

एचआरमध्ये १७ वर्षं: मी असते तर पुन्हा लिहिलं नसतं. पण अंगठ्यावरून नातं मोजलंही नसतं.

मुलुंडकर: करार काढून वाचला. अट ग्राहकांबद्दलचीच आहे. मॅडमचा नंबर अजून माझ्याकडे आहे. त्यांना मराठीत लिहू की इंग्रजीत? ऑफिसात आम्ही कायम इंग्रजीतच बोलायचो, पण माझी आई गेली तेव्हा त्या माझ्याशी मराठीत बोलल्या होत्या.

गिरगावातला: मराठीत लिहा.